खांबेट्यांची पहिली एलसी

दीनानाथ खांबेटे आमच्या शाखेत पहिल्यांदा आले, तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "इथे प्रश्न विचारायचे पैसे पडतात का?"

"अजून तरी नाही," मी म्हटलं.

"मग बसतो."

मी त्या वेळी बँकेच्या परकीय व्यवहारांच्या टेबलावर होते. पुण्यातल्या पेठांमधले, हडपसर-भोसरीचे लहानमोठे निर्यातदार माझ्याकडे यायचे. बहुतेकांना घाई असायची. कागद टेबलावर टाकायचे, 'मॅडम, जरा बघून घ्या' म्हणायचे आणि बाहेर जाऊन फोनवर बोलत बसायचे. खांबेट्यांना मुळीच घाई नव्हती. वय त्रेसष्ट, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक छोटी स्टीलची पट्टी. मांडीवर शाळेची दोनशे पानी वही. वहीत प्रश्नांचे आकडे घातलेले. एकूण सतरा प्रश्न होते, हे मी उलट्या बाजूनेच वाचलं.

शनिवार पेठेत, ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या एका बोळात त्यांचं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं वर्कशॉप होतं. 'खांबेटे सायंटिफिक वर्क्स'. शाळांच्या प्रयोगशाळेत लागणारी उपकरणं ते बनवायचे. नादकाटे, ताणकाटे, लोलक ठेवायचे स्टँड, आणि हे सगळं ठेवायच्या लाकडी पेट्या. सदतीस वर्षं हाच धंदा. त्यांच्या तोंडून ऐकलेलं एक वाक्य मला अजून आठवतं. "नादकाटा टोकाकडे घासला की स्वर चढतो, मुळाशी घासला की उतरतो. हे कळायला मला दोन महिने लागले. थांबायचं कधी, हे कळायला दहा वर्षं."

ढाक्यातल्या रफिकुल नावाच्या एका व्यापाऱ्याने दिल्लीच्या एका प्रदर्शनात त्यांचे नादकाटे पाहिले होते. तो तिकडच्या शाळांना माल पुरवायचा. वर्षभर पत्रव्यवहार झाला, नमुने गेले आणि मग ऑर्डर आली. अठरा हजार चारशे डॉलर, चोवीस खोकी. खांबेट्यांची आयुष्यातली पहिली परदेशी ऑर्डर. रफिकुल म्हणाला होता, पैसे लेटर ऑफ क्रेडिटने, म्हणजे एलसीने देतो. बँक काय मागेल, काय कापेल, हे आधी विचारून घ्या. म्हणून हे आले होते.

"पहिला प्रश्न," त्यांनी चष्मा सारखा केला. "एलसी आली म्हणजे पैसे आले, असं समजायचं का?"

"नाही. एलसी म्हणजे ढाक्याच्या बँकेचं वचन. तुम्ही ठरलेले कागद ठरलेल्या तारखेच्या आत, एलसीत लिहिलेत तसेच्या तसे दिलेत, तर ती बँक पैसे देईल. खरेदीदाराचं मन बदललं तरी देईल."

"आणि माल? माल कोण बघणार?"

"बँक माल बघत नाही. कागद बघते."

त्यांनी हे लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. "म्हणजे मी दगड पाठवले आणि कागदावर नादकाटे लिहिले, तर?"

"बँक पैसे देईल, आणि रफिकुलसाहेब तुमच्यावर केस करतील."

"आणि मी नादकाटे पाठवले आणि कागदावर चुकून एक अक्षर कमी लिहिलं?"

"तर अडकेल. तिकडची बँक पाच दिवसांत कागद तपासते. चूक सापडली की खरेदीदाराला विचारते, चालेल का. तो हो म्हणाला तर पैसे मिळतात, पण चुकीचा दंड कापून. नाही म्हणाला, तर माल बंदरात आणि तुम्ही पुण्यात."

"दगडाला शिक्षा कमी आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. मला हसू आलं. ते हसले नाहीत, पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मग खर्चाचं निघालं. एलसी आली की ती आम्ही तपासून कळवतो, त्याची फी. नंतर काही बदल करून घेतला तर दर दुरुस्तीची वेगळी फी. कागद तपासून पाठवायचं कमिशन, कुरियर, बँकांमधल्या स्विफ्ट यंत्रणेवरचा संदेश, आणि या सगळ्यावर जीएसटी. मी दरपत्रक पुढे केलं. त्यांनी प्रत्येक आकडा उतरवून घेतला. मग रफिकुलने पाठवलेला एलसीचा मसुदा वहीतून काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'बांगलादेशाबाहेरचे बँकेचे सर्व खर्च माल पाठवणाऱ्याचे.' हे सगळेच लिहितात, का मला नवखा समजून लिहिलंय?"

"बहुतेक सगळेच लिहितात. किमतीत धरून ठेवा."

"किंमत तर देऊन बसलो."

"मग पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी," त्यांनी नुसतंच म्हटलं आणि वहीकडे बघत राहिले.

ढाक्याची बँकच अडचणीत आली तर काय, असंही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एखाद्या दुसऱ्या बँकेकडून एलसी 'कन्फर्म' करून घेता येते, म्हणजे ती बँकही हमी घेते. पण त्याचं कमिशन वेगळं, आणि एवढ्या रकमेला ते जड जाईल. ते म्हणाले, "भरवशाचा पण दर आहे म्हणजे." आणि कन्फर्म नको असं ठरवलं.

मसुद्यात एक अट मात्र वाईट होती. माल पाठवण्यापूर्वी खरेदीदाराच्या माणसाने तपासून सही केलेला दाखला जोडायचा, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "काका, ही काढून टाकायला सांगा. त्यांचा माणूस आलाच नाही तर तुमच्या हातात काही नाही. आणि आत्ताच सांगा. एलसी उघडल्यावर सांगितलंत तर ती दुरुस्ती होईल आणि तिचे पैसे पडतील." माल पाठवायच्या शेवटच्या तारखेला पुरेसा अवधी मागा, आणि माल जहाजावर चढल्याचा कागद मिळाला की एकवीस दिवसांत आमच्याकडे सगळे कागद आणा, हेही मी सांगितलं. फर्मचं नाव इंग्रजीत मी स्वतः लिहून दिलं. खातं, परवाना, इन्व्हॉइस, एलसी, सगळीकडे तेच स्पेलिंग.

सोळा प्रश्न झाले. बाहेर टोकनचे आकडे बदलत होते, माझ्या टेबलाजवळ दोघं उभे होते. खांबेट्यांनी सतरावा प्रश्न वाचला नाही. वही मिटली आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, "फर्म माझ्या एकट्याच्या नावावर आहे. बायकोला भागीदार करून घेतलं आणि मग एलसी मागवली, तर?"

मी घड्याळाकडे बघितलं. हे मला स्पष्ट आठवतंय.

"करता येईल. पण मग फर्म नवी होते. भागीदारीचा करार, नवं पॅन, नवा जीएसटी नंबर, नवा आयात-निर्यात परवाना, नवं खातं. महिना-दीड महिना जाईल. ढाक्यात डॉलरची चणचण आहे, त्यांच्या बँकेने आज हो म्हटलंय, दीड महिन्याने म्हणेल का सांगता येत नाही. ही ऑर्डर आहे त्याच नावावर होऊ द्या. नंतर करा ना सावकाश."

"नंतर करू," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

का करायचंय, असं मी विचारलं नाही. आणि त्यांनीही सांगितलं नाही.

एलसी ऑगस्टच्या अठरा तारखेला आली. तपासणीच्या दाखल्याची अट गेली होती, नावाचं स्पेलिंग अचूक होतं. माल पाठवायची शेवटची तारीख वीस नोव्हेंबर, एलसीची मुदत अकरा डिसेंबर. खांबेटे ती घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी होत्या, श्यामलाकाकू. बारीक अंगाच्या, शांत. पेट्यांना आतून मखमल लावायचं काम त्या करायच्या. खांबेट्यांनी मला त्या दिवशी एक नादकाटा दाखवायला आणला होता. टेबलाच्या कडेवर हलकेच वाजवून माझ्या कानाशी धरला. शाखेतल्या गोंगाटातही तो स्वर लांब, सरळ ऐकू आला.

"असे आठ एका पेटीत," ते म्हणाले. "दोनशे पेट्या. एकेक मी स्वतः लावणार."

"काका, दोनशे पेट्या म्हणजे सोळाशे काटे!"

"मग? वेळ आहे नोव्हेंबरपर्यंत."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर ते दोनदा आले. एकदा खोक्यांवर काय लिहायचं ते विचारायला, एकदा पॅकिंग लिस्टचा नमुना न्यायला. दुसऱ्या वेळी जिना चढून आले आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मी पाणी दिलं. म्हणाले, "तुमच्या बँकेचे जिने बघता लोक ठेवी काढायला येऊ नयेत अशी योजना दिसते." मी हसले आणि कामाला लागले.

ऑक्टोबरच्या चार तारखेला ते गेले. मला ते दोन आठवड्यांनी कळलं, नवरात्र चालू असताना.

श्यामलाकाकू एकट्याच आल्या होत्या. हातात खांबेट्यांचीच फाइल. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, "काका नाही आले?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ते गेले. परवा तेरावा झाला."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. त्याच बोलत राहिल्या, अगदी हळू आवाजात, कुणाच्या तरी निरोपाचं बोलावं तशा. हृदय पंचवीस टक्केच चालतंय, असं डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं होतं. ऑपरेशनचा भरवसा नव्हता. चार तारखेला दुपारी वर्कशॉपमध्ये काम करता करताच ते खाली बसले. दत्तोबांनी, म्हणजे त्यांच्याकडे बावीस वर्षं काम करणाऱ्या कारागिरांनी, रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

"जूनमध्ये?" मी विचारलं. ते माझ्याकडे पहिल्यांदा आले होते जुलैमध्ये.

"हो. म्हणून तर त्यांना मला भागीदार करून घ्यायचं होतं. तुमच्याकडून घरी आले आणि म्हणाले, मॅडम म्हणतात नंतर करा, आत्ता केलं तर ऑर्डरला उशीर होईल."

समोरच्या काउंटरवर कुणीतरी नोटा मोजायच्या मशीनमध्ये गड्डी घातली.

काकूंनी फाइल उघडली. "माल तयार आहे. एकशे शहाण्णव पेट्या त्यांनी पुऱ्या केल्या होत्या. चार राहिल्या, त्या जुन्या साठ्यातून भरल्या दत्तोबांनी. ट्रक आम्ही शनिवारी न्हावाशेव्याला पाठवू शकतो. सांगा, कुठे सही करू?"

आणि मग मला ते सांगावं लागलं. फर्म एका माणसाची होती. तो माणूस गेला की फर्म कायद्याने उरत नाही. निर्यातीचा परवाना त्यांच्या पॅनवर. कस्टमचा कागद त्यांच्या परवान्यावर. एलसी त्यांच्या फर्मच्या नावावर. फर्मचं चालू खातं आता थांबणार, त्यातली शिल्लक वारसाला मिळेल, पण त्या खात्यात नवीन पैसे येणार नाहीत. काकूंना त्या फर्मच्या वतीने सही करता येत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फाइलच्या मागच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आत फर्मच्या लेटरहेडचे बारा कोरे कागद होते. प्रत्येकाच्या खाली उजवीकडे खांबेट्यांची सही, शिक्का मारलेला. वरच्या कागदाला टाचणीने एक चिठ्ठी. त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: 'इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, हुंडी, बाकी जादा. बँकेतल्या उल्का मॅडमना विचारून वापरावेत.'

"सप्टेंबरमध्ये करून ठेवले त्यांनी," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, मॅडम सांगतात, बँक कागद बघते. तर कागद पुरे असावेत."

मी त्या सह्यांकडे बघत राहिले. ढाक्यात कुणालाही कळलं नसतं. सह्या खऱ्या होत्या, माल खरा होता. कस्टमच्या संगणकाला परवान्याचा मालक गेल्याचं अजून ठाऊक नव्हतं. बारा कशाला, चार कागद पुरले असते.

"काकू," मी म्हटलं, "मला हे करता येणार नाही. कागदांवर तारीख ते गेल्यानंतरची पडणार. मेलेल्या माणसाने माल पाठवला असं कस्टमला सांगावं लागेल. उद्या ते उघडकीला आलं तर तुमच्यावर खटला होईल. आणि पैसे आले तरी ते ज्या खात्यात येणार, तेच बंद आहे."

"मी तुम्हाला सांगितलंच नसतं तर?"

मी आत जाऊन आमच्या साहेबांना विचारून आले. साहेब चांगले होते, त्यांनी दोन मिनिटं डोकं धरलं आणि तेच सांगितलं.

परत येऊन मी काकूंना म्हटलं, "मी त्या दिवशी विचारायला हवं होतं, भागीदार का करताय म्हणून."

"विचारलं असतं तरी सांगितलं नसतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आपली नड त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. मलासुद्धा डॉक्टरांकडून कळलं." मग त्यांनी ते बारा कागद एकसारखे केले, पाकिटात घातले आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

एक मार्ग होता. काकूंनी स्वतःच्या नावावर नवी फर्म काढायची आणि रफिकुलने ढाक्याच्या बँकेकडून एलसीत माल पाठवणाऱ्याचं नाव बदलून घ्यायचं. नाहीतर ही रद्द करून नवी एलसी काढायची. वीस नोव्हेंबरला तेहतीस दिवस होते.

एकसष्ट वर्षांच्या त्या बाईने ते तेहतीस दिवस कसे काढले, हे मी जवळून पाहिलं आहे. पतीचा मृत्यूचा दाखला आणला. सीएकडे जाऊन जीएसटीचा अर्ज भरला, मोबाइलवर येणारे ओटीपी कागदावर लिहून घेत. निर्यातीचा परवाना ऑनलाइन काढला. चालू खातं उघडलं. फर्मचं नाव काय ठेवायचं विचारल्यावर म्हणाल्या, "तेच ठेवा. फक्त पुढे माझं नाव लागेल ना?" त्या खात्याची नोंद न्हावाशेव्याच्या कस्टमकडे करायची होती, तीही झाली. बँकेत येताना त्या टोकन घेऊन इतरांसारख्याच बाकावर बसायच्या. मी हात केला तरी आपला नंबर येईपर्यंत उठायच्या नाहीत.

दुपारी कधी वेळ असला की थोडं बोलायच्या. खांबेटे जेवतानाही बोटांनी ताटाची कड वाजवून बघायचे, असं एकदा सांगितलं. "लग्नात आलेल्या वाट्यांपैकी एकच सुरात आहे म्हणायचे. ती वेगळी ठेवली होती." एवढं बोलून त्यांनी अर्जाचं पुढचं पान मागितलं.

दुरुस्तीचा अर्ज रफिकुलने पहिल्याच आठवड्यात दिला होता. उत्तर येईना. मी स्विफ्टवरून दोन स्मरणपत्रं पाठवली. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी संदेश आला. ढाक्याची बँक माल पाठवणाऱ्याचं नाव बदलायला तयार नव्हती. नवी एलसी काढा, आणि नव्या एलसीला डॉलर उपलब्ध झाल्यावर पाहू, जानेवारीच्या आधी नाही.

त्याच दुपारी रफिकुलचा शाखेत फोन आला. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "दीदी, मेरा मन है, मेरा बैंक का डॉलर नहीं है." मी विचारलं, एलसीशिवाय काही होईल का. आगाऊ रक्कम पाठवता येईल का. तो म्हणाला, तिकडे एलसीशिवाय एवढा माल आणणं अवघड आहे, आणि आगाऊ पाठवायला पुन्हा डॉलरच लागतात. मग थोडं थांबून त्याने विचारलं, "भाईसाहब कैसे गए? तकलीफ हुई?"

मी म्हटलं, नाही, काम करताना गेले.



काकूंना हे सांगायला मी वर्कशॉपवर गेले. फोनवर सांगवेना. दिवाळीच्या गर्दीत लक्ष्मी रस्ता ओलांडून बोळात शिरले. दाराशी आकाशकंदील नव्हता. आत एका भिंतीला चोवीस खोकी रचलेली होती, वर काळ्या रंगात ढाक्याचा पत्ता, चितगाव बंदराचं नाव, खोक्याचा नंबर. मी दिलेल्या नमुन्याप्रमाणे अगदी बरोबर. दत्तोबा पट्ट्या ठोकत होते. मला बघून त्यांनी हातोडी खाली ठेवली.

मी सांगितलं. काकू स्टुलावर बसल्या. दत्तोबांनीच विचारलं, "मंग ही खोकी उघडायची का, बाई?"

"राहू देत अजून," काकू म्हणाल्या. "वीस तारीख आहे."

वीस तारीख गेली. अकरा डिसेंबरला एलसीची मुदत संपली. मी संगणकावर तिची नोंद बंद केली. 'वापर न होता मुदत संपली' असा एक पर्याय यादीत असतो, तो निवडायचा. एका क्लिकचं काम. पण त्या दिवशी मी ते दुपारच्या चहानंतरपर्यंत ढकलत ठेवलं.

जानेवारीतही ढाक्यातून काही आलं नाही. काकूंनी मार्चपर्यंत वाट पाहिली. लाकूडवाला, पितळवाला, दत्तोबा आणि आणखी एक कामगार, कुणालाच त्यांनी पैशांसाठी थांबवलं नाही. त्यासाठी पोस्टातली ठेव मोडली. शेवटी लातूरच्या एका शाळा-साहित्य व्यापाऱ्याला सगळा माल दिला. त्याला नादकाट्यांशी घेणंदेणं नव्हतं, पेट्या आवडल्या होत्या. भाव अर्ध्याच्या आसपास मिळाला. खोक्यांवरचा पत्ता दत्तोबांनी काळ्या रंगाने पुसला आणि मग स्वतःही दुसरीकडे, भोसरीला कामाला लागले. वर्कशॉप मालकाला परत गेलं.

मी या सगळ्याचा खूप विचार केला आहे. मी दिलेला सल्ला चुकीचा नव्हता. जुलैमध्ये दीड महिना थांबलो असतो, तर कदाचित एलसी आलीच नसती. कोऱ्या कागदांना नाही म्हटलं, तेही बरोबरच होतं. बँकेच्या हिशेबतपासणीत माझ्या फाइलवर एक शेरासुद्धा आला नाही. हे सगळं मला माहीत आहे. तरीही एका माणसाने सतरा प्रश्न लिहून आणले होते, त्यातल्या सोळांची उत्तरं मी नीट दिली आणि सतराव्याला घड्याळ बघितलं, हे माझ्या मनातून जात नाही. आता एकट्याच्या नावावर फर्म असणारं कुणी पहिली एलसी घेऊन आलं, की मी विचारते, घरी कोण आहे, तब्येत कशी आहे. काहींना राग येतो. एक तरुण मुलगा म्हणालाही, "मॅडम, तुम्ही बँकेत आहात का इन्शुरन्समध्ये?"

पुढच्या ऑगस्टमध्ये श्यामलाकाकू पुन्हा शाखेत आल्या. मोबाइलवर रफिकुलचं पत्र होतं. त्याच्या बँकेने निम्म्या रकमेची एलसी उघडायचं मान्य केलं होतं. या वेळी काकूंच्या नव्या फर्मच्या नावाने. शंभर पेट्या हव्या होत्या, मुदत सहा महिने. बँकेचे दोन्हीकडचे खर्च तो स्वतः देणार होता. सदतीस वर्षांत खांबेट्यांना कुणी अशा अटी दिल्या नसतील.

मला एकदम हुरूप आला. मी म्हटलं, "काकू, होईल हे. दत्तोबांना बोलवू. दुसरीकडे जागा बघू. नादकाटे लावायला माणूस मिळेल, आता स्वर मोजायची यंत्रंसुद्धा असतात."

"होईल," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे होईल. परवाना आहे, खातं आहे, कागद कसे करायचे तेही शिकले." त्यांनी पदर सारखा केला. "पण मला नकोय, उल्काताई. मी ते सगळं धावले, ते त्यांची ऑर्डर जावी म्हणून. ती गेली नाही. आता ही माझी ऑर्डर आहे, आणि मला ती नकोय. मी दमले हो."

मी मोबाइल त्यांच्याकडे परत सरकवला.

"रफिकुलसाहेबांना इंग्रजीत नाही म्हणायचंय," त्या म्हणाल्या. "चांगल्या शब्दांत. माझं इंग्रजी तेवढं नाही. तेवढं लिहून द्या."

आम्ही दोघींनी माझ्या टेबलावर ते पत्र लिहिलं. मी पहिल्यांदा नेहमीचं बँकेचं इंग्रजी लिहिलं. त्यांनी वाचायला सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "हे कुणीही कुणालाही लिहील. त्यात लिहा, की खांबेटे दर रविवारी तुमच्या फोनची वाट बघायचे. लिहा, की तुमच्या शाळांमधली मुलं कोणती भाषा बोलतात, हे त्यांनी मला विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं."

मी तसं लिहिलं. शेवटी त्यांचं नाव टाइप केलं, खाली फर्मचं. त्यांनी फर्मचं नाव काढायला सांगितलं. फक्त 'श्यामला खांबेटे' राहू दिलं. मोबाइलवर पत्र गेल्याची खूण दिसली तशी त्यांनी विचारलं, "गेलं?"

"गेलं."

"परवाना रद्द करायला अर्ज लागतो का?"

"लागतो. ऑनलाइन होतो. फी नाही त्याला."

"मग तोही आत्ताच करू," त्या म्हणाल्या आणि खुर्ची थोडी पुढे ओढून बसल्या. पर्समधून कागद आणि पेन काढलं. मोबाइलवर ओटीपी आला, त्यांनी तो नेहमीप्रमाणे कागदावर उतरवला आणि एकेक आकडा मला सावकाश वाचून दाखवला.